ठिपक्यांचा चौकोन

शालिग्राम बऱ्हाटे जळगावच्या पाटबंधारे कचेरीत अनुरेखक होते. अनुरेखक म्हणजे दुसऱ्यानं काढलेल्या रेघेवर पारदर्शक कागद ठेवून तीच रेघ पुन्हा ओढणारा माणूस. इंजिनिअर कालवा आखतो, ड्राफ्ट्समन तो नकाशावर उतरवतो आणि अनुरेखक तो शाईनं गिरवतो. एवढं होऊन कालवा प्रत्यक्षात खणला जाईलच असं नाही, पण तो अनुरेखकाचा प्रश्न नव्हे. झालेला कालवा सलग रेघेनं दाखवायचा आणि व्हायचा असलेला ठिपक्यांनी. शालिग्रामभाऊंच्या बावीस वर्षांच्या नोकरीत ठिपकेच जास्त खर्ची पडले होते.

मूळ गाव एदलाबादकडचं. घरची केळी, दोन भाऊ शेतावर, भरलं घर. शालिग्रामभाऊ मात्र जळगावात एका खोलीत एकटे राहत. एक खाट, एक स्टोव्ह, भिंतीला टेकवून ठेवलेला रेघा आखायचा टी-स्क्वेअर, आणि पाहुण्यासाठी म्हणून घेतलेली दुसरी गोधडी, जिची घडी गेल्या कित्येक वर्षांत मोडलेली नव्हती. तिशीत असताना त्यांचं लग्न ठरलं होतं. साखरपुडा झाला, पत्रिकेचा मजकूर ठरला आणि मुलीकडच्यांना नाशिकचा कोणी बँकेतला मुलगा मिळाला. त्यानंतर थोरली वहिनी कुंदाबाई दोन-चार वर्षं म्हणत राहिली, "भाऊजी, एक पोरगी पाहून ठेवलीय हो मी." भाऊजी 'पाहू' म्हणत. पुढे वहिनीनं म्हणणं सोडलं. 'पाहू' म्हणायची सवय तेवढी राहिली.

या एकट्या माणसाला जळगावात एकच जागा होती, ती म्हणजे बंद पडलेल्या जिनिंगचं गोदाम. तिथं श्रमसाफल्य कॅरम मंडळ चाले. गोदामातला कापूस जाऊन दहा वर्षं झाली होती, तरी तुळयांवरून अधूनमधून कापसाचा पुंजका तरंगत खाली यायचा आणि नेमका बोर्डावर उतरायचा. मंडळाचा त्यासाठी खास नियम होता: पुंजका पडला की पंचाची परवानगी घेऊन फुंकायचं, पण सोंगटी हलली तर फाऊल. शालिग्रामभाऊ स्वतः कॅरम यथातथाच खेळत. त्यांचं काम वेगळं होतं. दर जानेवारीत संक्रांतीनंतरच्या शनिवार-रविवारी मंडळाच्या स्पर्धा होत आणि त्यांचा तक्ता, म्हणजे कोणाची मॅच कोणाशी आणि जिंकून-हरून कोण कुठं जाणार याचा सगळा नकाशा, शालिग्रामभाऊ काढत.

हा तक्ता काही साधा नव्हता. त्याची सुरुवात ब्याऐंशी साली झाली.

त्या वर्षी स्पर्धा एकदा हरला की घरी, अशीच होती. साक्रीकडून तोताराम बोरसे नावाचे एक प्राथमिक शिक्षक आले होते. पहाटे निघून, धुळ्याला गाडी बदलून, साडेदहाला जळगाव. अकरा वाजता त्यांची मॅच लागली आणि अकरा वीसला ते हरले. परतीची सोयीची गाडी संध्याकाळी. गुरुजी गोदामाच्या पायरीवर बसून राहिले. मधेच त्यांनी पिशवीतून स्वतःचा स्ट्रायकर काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि परत ठेवला. शालिग्रामभाऊंनी हे पाहिलं. तासाभरानं पुन्हा पाहिलं, तेव्हाही गुरुजी स्ट्रायकर पुसत होते. शालिग्रामभाऊंनी मनात तीनदा जुळवलं की जाऊन विचारावं, 'चहा घेता का?' चौथ्यांदा जुळवेपर्यंत गुरुजी स्टँडवर गेले होते.

त्याच पावसाळ्यात कचेरीनं त्यांना नाशिकला प्रशिक्षणाला पाठवलं. तिथल्या क्रीडागृहाच्या भिंतीवर बॅडमिंटनचा एक तक्ता लागलेला होता, दोन मजली. वर जिंकणाऱ्यांची बाजू, खाली हरलेल्यांची. दोनदा हरेल तो बाद. शालिग्रामभाऊ जेवणाच्या सुट्टीत त्याच्यासमोर उभे राहिले आणि खिशातल्या कागदावर तो तसाच्या तसा उतरवून घेतला. दुसऱ्याची रेघ गिरवणं हे तर त्यांचं पोटापाण्याचंच काम.

पुढल्या जानेवारीत मंडळाच्या बैठकीत त्यांनी तो कागद पसरला. सेक्रेटरी झुलालशेठ, ज्यांचं भांड्यांचं दुकान होतं, बराच वेळ तक्त्याकडे पाहून म्हणाले, "शालिग्रामभाऊ, हा कोणत्या धरणाचा प्लॅन आहे?"

"डबल नॉकआउट म्हणतात," भाऊ म्हणाले. "सोळा खेळाडू. पहिल्या फेरीत आठ हरतील. ते घरी नाही जायचे. ते खाली येतील. खाली आपापसात खेळतील, चार उरतील. तोवर वरच्या दुसऱ्या फेरीत आणखी चार हरलेले असतील, ते खाली येऊन या चौघांशी खेळतील. म्हणजे खाली एक फेरी आपसांत, पुढची वरून पडलेल्यांशी. असं करत करत वर एक जण उरेल, एकदाही न हरलेला. खाली एक उरेल, एकदाच हरलेला. त्या दोघांची फायनल."

"म्हणजे हरलेला माणूस फायनलला येणार?"

"एकदा हरलेला. एकदा कोणीही हरतो, शेठ."

यावर पानटपरीवाला मगन, जो मंडळाचा सगळ्यांत तयार खेळाडू आणि सगळ्यांत सुटलेलं तोंड, तो म्हणाला, "बरोबर आहे! आमचे शालिग्रामभाऊ लग्नात एकदाच हरलेत. अजून खालच्या बाजूला आहेत ते, बाद नाही झालेले!"

गोदाम हसलं. शालिग्रामभाऊही हसले. ठराव त्या हसण्यातच पास झाला, आणि तो विनोदही दर जानेवारीला तिळगुळासारखा वाटला जाऊ लागला. भाऊंनी ही कल्पना कशावरून सुचली ते कोणाला सांगितलं नाही. पायरीवर बसलेल्या एका माणसासाठी तीस मॅचचा नकाशा काढला असं म्हणणार तरी कसं?

पहिल्या वर्षी त्यांच्याकडून चूकही झाली. सोनगीरहून पुना आणि चिंधा असे दोन सख्खे भाऊ आले होते. पहिल्याच फेरीत चिठ्ठीनं त्यांची गाठ पडली. पुना जिंकला, चिंधा खाली गेला. चिंधा खाली एक मॅच जिंकला. वर पुना दुसरी मॅच हरला आणि भाऊंनी सरळ रेघ ओढल्यामुळे तोही नेमका त्याच कप्प्यात येऊन पडला. पुन्हा पुना आणि चिंधा. चिंधानं स्ट्रायकर खाली ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, हाई काय शे? घर बी यान्हासंगेच खेळस, आठे बी यान्हाचसंगे!"

घरीही पुनाशीच आणि इथंही पुनाशीच, हे ऐकून भाऊ रात्रभर तळमळले. नाशिकच्या तक्त्यात त्या रेघा एकमेकींना छेदून गेलेल्या होत्या. जागा वाचवायला त्यांनी त्या सरळ केल्या होत्या आणि चूक तिथंच होती. पुढच्या वर्षापासून वरच्या बाजूला हरलेला खाली उलट टोकाला जाऊ लागला, म्हणजे ज्याच्याशी नुकताच खेळला तो लगेच पुन्हा समोर येत नसे. बावीस वर्षांत भाऊंनी स्वतःच्या डोक्यानं ओढलेल्या रेघा म्हणजे त्या चुकलेल्या सरळ रेघा, एवढ्याच.

आणि तक्त्याच्या अगदी उजव्या टोकाला, फायनलच्या चौकोनापुढे, आणखी एक चौकोन असे. तो ठिपक्यांचा.

त्याचं कारण सोपं होतं, पण ते ऐकायला कोणी थांबत नसे. वरून आलेला एकदाही हरलेला नाही. खालून आलेला एकदा हरलाय. फायनल वरच्यानं जिंकली तर प्रश्न मिटला: खालच्याच्या दोन हारी झाल्या, तो बाद. पण खालच्यानं जिंकली तर? वरच्याची ती पहिलीच हार. दोघंही एकेकदा हरलेले, म्हणजे दोघंही अजून जिवंत. मग आणखी एक मॅच. ती लागेलच असं नाही, म्हणून ठिपके. पाच वर्षं ती लागली नाही. दर वेळी वरच्यानंच पहिली फायनल मारली. स्पर्धा संपल्यावर भाऊ भरलेला तक्ता घरी नेऊन भिंतीवरच्या खिळ्याला लावत, आणि वर्षभर तो ठिपक्यांचा रिकामा चौकोन खाटेवरून दिसत राही.

अठ्ठ्याऐंशी सालच्या जानेवारीत झुलालशेठनी नवीन टूम काढली. तक्ता छापून हॅण्डबिल वाटायचं. प्रेसवाल्याकडे ठिपक्यांची रेघ नव्हती; त्यानं तो चौकोनच गाळला. गुरुवारी हॅण्डबिलं आली. भाऊंनी एक उचललं. पाहिलं. चौकोन नाही. शेठ समोरच बसले होते. भाऊ म्हणणार होते. पण पाच वर्षांत कधी लागला नाही, सहाव्या वर्षी कशाला लागेल, आणि आता एवढ्याशा गोष्टीसाठी बोलायचं म्हणजे पुन्हा ते 'कोणत्या धरणाचा प्लॅन' सुरू व्हायचं.

"छान छापलंय," भाऊ म्हणाले.

शनिवारी सकाळी पहिल्याच मॅचला गेल्या वर्षीचा विजेता मगन बसला आणि समोर चिठ्ठीनं आले साक्रीचे तोताराम गुरुजी. गुरुजी सहा वर्षांत एकदाही चुकले नव्हते. दर वर्षी खालच्या बाजूला दोन-तीन मॅच जिंकून संध्याकाळच्या गाडीनं परत जात. शालिग्रामभाऊंशी त्यांचं बोलणं 'या गुरुजी' आणि 'येतो भाऊ' याच्या पुढे गेलेलं नव्हतं, पण मधल्या तासांत भाऊ त्यांचा स्कोअर स्वतः लिहीत. त्या दिवशी गुरुजींचा हात काही निराळाच चालत होता. दुसऱ्या गेमात मगनची राणी कव्हरविना परत बोर्डावर आली आणि मगन हरला.

मगन बाहेर गेला. सायकलच्या कुलपात किल्ली घातली. भाऊ मागोमाग गेले.

"कुठं निघालास?"

"टपरीवर. हरलो ना."

"अजून एक हार शिल्लक आहे तुझ्याकडे," भाऊ म्हणाले. "बारा वाजता दोन नंबरच्या बोर्डावर ये."

मगननं त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू खिशातून पडलेलं पाकीटच कोणी आणून दिलं. किल्ली काढली आणि आत आला. मग खालच्या बाजूनं तो जो सुटला, तो शनिवारी तीन आणि रविवारी दुपारपर्यंत तीन अशा सहा मॅच सलग जिंकून फायनलला आला. वरून, चारही मॅच जिंकून, एकदाही न हरता आले तोताराम गुरुजी.

रविवारी दुपारी सगळ्यांना भरीत आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या होत्या. कळण्याचे ढेकर देत माणसं बोर्डाभोवती दाटली. साडेतीनला फायनल सुरू झाली. पहिला गेम गुरुजींचा, दुसरा मगनचा. तिसऱ्यात वरून एक पुंजका उतरला. गुरुजींनी पंचाकडे पाहिलं, अलगद फुंकलं. सोंगटी हलली नाही, पण हाताची लय हलली असावी. पुढच्याच फटक्याला स्ट्रायकर खिशात गेला. पावणेपाचला मगन जिंकला.

गोदाम दणाणलं. दोघांनी मगनला खांद्यावर घेतलं. झुलालशेठनी माइक हातात घेतला. पाहुणे होते सोसायटीचे चेअरमन जीवरामआबा; ते साडेचारपासून घड्याळ बघत होते, कारण त्यांना सावद्याला एका लग्नाला पोचायचं होतं. गुरुजींनी बादलीत हात बुडवून बोटांची पावडर धुतली, स्ट्रायकर पुसला, पिशवीत ठेवला. साक्रीची गाडी सव्वापाचला होती.

शालिग्रामभाऊ तक्त्यासमोर उभे होते. तिसाव्या चौकोनात मगनचं नाव लिहिलं होतं. पुढं ठिपके.

त्यांच्या लक्षात आलं की हे फक्त आपल्यालाच दिसतंय. एवढी शंभर माणसं, आणि हे एकट्यालाच माहीत. गुरुजींनाही माहीत नाही. आपण गप्प बसलो तर कोणाचंच काही बिघडत नाही. गुरुजी आनंदानं घरी जातील, दुसरा नंबर काही वाईट नाही. फक्त सोळांपैकी पंधरांना दोनदा हरायची मुभा मिळाली आणि एकाला नाही. आणि तो एक म्हणजे ज्याच्यासाठी ही सगळी खालची बाजू काढली, तोच.

गुरुजी दाराशी पोचले होते.

"शेठ," भाऊ म्हणाले. माइकमध्ये शेठ बोलत होते, त्यामुळे ते कोणाला ऐकू आलं नाही. मग शालिग्राम बऱ्हाट्यांनी आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. पुढे जाऊन शेठच्या हातातल्या माइकवर हात ठेवला. माइक किंचाळला. सगळे वळले.

"स्पर्धा संपलेली नाही. एक मॅच बाकी आहे."

"कोणती?"

"एकतिसावी."

शेठनी खिशातून हॅण्डबिल काढलं. "तीसच आहेत यात. मोजा."

"छापताना राहिली. मूळ तक्त्यात आहे." भाऊंनी बोट दाखवलं.

जीवरामआबांनी चष्मा लावून पाहिलं. "ठिपक्याची?" ते म्हणाले. "अहो साहेब, तुमच्या खात्याचा असा ठिपक्याचा कालवा माझ्या शेतावरून गेलाय. अठरा वर्षं झाली. पाणी पाहिलं नाही अजून. ठिपके म्हणजे होत नसतं, एवढं आम्हाला कळतं!"

शंभर माणसं हसली. खांद्यावर बसल्या बसल्या मगन ओरडला, "आबा, भाऊ स्वतः एकदाच हरलेत ना, म्हणून दुसऱ्याला पुरतं हरू देत नाहीत!"

हे हसणं भाऊंच्या दर वर्षीच्या परिचयाचं होतं. या वेळी ते बरोबर हसले नाहीत. त्यांनी खडू उचलला आणि गोदामाच्या फरशीवर बसून सोळा नावं लिहायला घेतली. प्रत्येकापुढे तो किती वेळा हरला तेवढ्या उभ्या रेघा. रेघा सरळ येत होत्या. लिहून झाल्यावर ते उठले.

"एका मॅचमध्ये एकच जण हरतो," ते माइकविनाच म्हणाले. "तीस मॅच, तीस रेघा. मोजून घ्या. दोन रेघा पडल्या की बाद. चौदा जणांपुढे दोन-दोन आहेत, अठ्ठावीस. राहिल्या दोन. एक मगनपुढे. एक गुरुजींपुढे. पंधरा जण बाद व्हायला पाहिजेत, चौदाच झालेत. मग विजेता कोण, ते तुम्ही सांगा."

पुढच्या दोघा-तिघांनी वाकून खरंच मोजलं.

"पण मगननं आत्ता हरवलं की त्यांना!" मागून कोणीतरी म्हणालं.

"काल त्यांनी मगनला हरवलं होतं," भाऊ म्हणाले आणि मग मगनकडे वळले. "मगन, काल सकाळी तू सायकलच्या कुलपात किल्ली घातली होतीस. मी तुला काय सांगितलं होतं?"

मगन खांद्यावरून उतरला.

"अजून एक हार शिल्लक आहे," तो म्हणाला.

"तेच त्यांनाही सांगायचंय. ते दारात उभे आहेत."

मगननं दाराकडे पाहिलं. गुरुजी खरंच तिथं होते, एक पाय पायरीवर. "या गुरुजी," मगन म्हणाला. "बसा. नाहीतर हा माणूस मला वर्षभर सुखानं पान खाऊ द्यायचा नाही."

गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून दहा मिनिटं. ते शालिग्रामभाऊंना म्हणाले, "भाऊ, मनी सव्वापाचनी गाडी जाईल."

"जाईल," भाऊ म्हणाले. दोन मिनिटांपूर्वी या माणसाला न्याय मिळवून द्यायचा होता, आणि आता आपणच त्याची गाडी चुकवत होतो. "तुमची मर्जी, गुरुजी. नाही खेळलात तर मॅच सोडली असं लिहावं लागेल. तो तुमचा हक्क आहे."

गुरुजींनी पिशवी खुंटीला अडकवली आणि स्ट्रायकर काढला.

जीवरामआबा थांबणं शक्य नव्हतं. त्यांनी कप टेबलावर ठेवला, 'जो जिंकेल त्याला माझ्याच हातानं दिला असं समजा' म्हणाले आणि जीपकडे निघाले. त्यांना पोचवायला शेठ गेले, शेठबरोबर कमिटी गेली, आणि कमिटीबरोबर बघे गेले, कारण बाहेर चहा आणि बुंदी होती. मगनच्या मित्रांनी पाच मिनिटं वाट पाहिली. मग त्यांनाही बुंदीचा वास आला. खुर्च्या उचलणारे आले, खुर्च्या घेऊन गेले. एकतिसावी मॅच सुरू झाली तेव्हा गोदामात दोन खेळाडू, पंचाच्या स्टुलावर शालिग्रामभाऊ, आणि फरशीवर खडूनं लिहिलेली सोळा नावं होती.

इतकी सुंदर मॅच भाऊंनी पाहिली नव्हती. बघणारं कोणी नाही म्हटल्यावर दोघंही संथ, मन लावून खेळले. मगन बडबडला नाही. गुरुजींनी पहिला गेम घेतला. एका फटक्यात राणी आणि त्यावर कव्हर असं घातलं की मगननं नुसती मान हलवली. दुसरा मगननं घेतला. तिसरा शेवटच्या बोर्डापर्यंत गेला. भाऊंच्या मनात काय होतं ते सांगायची गरज नाही. पण पंच होते, म्हणून पेन्सिल घट्ट धरून गप्प बसले. शेवटी बोर्डावर गुरुजींची एक पांढरी उरली, खिशाच्या अगदी तोंडाशी. आणि पाळी मगनची होती. मगननं आपली शेवटची काळी घातली.

दोन्ही फायनल मगननं जिंकल्या. आता हिशेब पुरा झाला.

भाऊंनी खडूनं गुरुजींच्या नावापुढे दुसरी रेघ ओढली. या मॅचसाठी त्यांनी जन्मात पहिल्यांदा तोंड उघडलं होतं, आणि निकाल तोच, जो गप्प बसूनही लागला असता. फक्त गुरुजींची गाडी तेवढी गेली.

मगन कप घेऊन दारापर्यंत गेला आणि परत फिरला. "शालिग्रामभाऊ," तो म्हणाला, "मघाशी ते... लग्नाचं बोललो. तोंडाची सवय."

"चालायचंच," भाऊ म्हणाले. बाहेर त्याच्या नावाचा जयजयकार झाला आणि तो त्यात मिसळून गेला.

गुरुजी आणि भाऊ स्टँडकडे चालत निघाले. भाऊ मनात जुळवत होते. पहिल्यांदा जुळवलं, दुसऱ्यांदा जुळवलं, आणि तिसऱ्यांदा जुळवण्याआधीच, आज बोलायची सवय लागली होती म्हणून, म्हणाले, "गुरुजी, माझी खोली जवळच आहे. एकटाच असतो. गोधडी आहे जास्तीची. सकाळच्या गाडीनं..."

"नको भाऊ. उद्या सकाळी शाळा शे. धुळ्याला बहीण आहे, ताईबाई, कालच्यासारखा तिच्याकडेच टेकतो. पहिल्या गाडीनं साक्री." मग त्यांना काहीतरी जाणवलं असावं. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी पाहू."

पाहू. भाऊंना हा शब्द चांगला माहीत होता.

धुळ्याची गाडी लागलेली होती. कंडक्टर तिकिटं फाडत होता. गुरुजी पायरीवर चढून थांबले.

"एक सांगू? मघाशी निघून गेलो असतो तर रस्ताभर वाटलं असतं, हरलो की नाही? आता नाही वाटणार. दोन येळा हरनू, बठ्ठं मोकळं, सगळं मिटलं." ते हसले. "भाऊ, हे असं खाली-वर खेळायचं डोकं कोणाचं? मी पहिल्या वर्षी आलो तेव्हा नव्हतं हे. त्या वर्षी तर मी दिवसभर पायरीवर बसलो होतो, तुम्हाला काय आठवत असणार."

शालिग्रामभाऊंनी उत्तरासाठी तोंड उघडलं. त्या पायरीबद्दलचं वाक्य सहा वर्षं तयार होतं.

"नाशिकला पाहिलं होतं," ते म्हणाले. "तिथून उतरवलं."

"तो कागद मला द्याल? शाळेत पोरांच्या स्पर्धा घेतो मी. एकदा हरलं की पोरं रडत बसतात व्हरांड्यात."

भाऊंच्या काखेत गुंडाळी होतीच. ती त्यांनी तिथंच स्टँडवर रचलेल्या पेटाऱ्यांच्या ढिगावर उलगडली, खिशातलं शाईचं पेन काढलं आणि एकतिसाव्या चौकोनाचे ठिपके एकेक करून जोडले. रेघ सलग झाली. आत मगनचं नाव लिहिलं. कंडक्टरनं घंटी मारली, तरी शाई वाळेपर्यंत फुंकत राहिले, सोंगटी हलू नये इतक्या हळू. मग गुंडाळी खिडकीतून आत दिली.

"रेघा एकमेकींना छेदून जातात, तिथं नीट पाहा," त्यांनी धावत्या गाडीबरोबर दोन पावलं जात सांगितलं. "त्या सरळ करू नका. दोन भाऊ पुन्हा समोर येतात."

गुरुजींनी खिडकीतून हात हलवला. ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.

खोलीवर येऊन भाऊंनी स्टोव्ह पेटवला, चहा ठेवला. सवयीनं दोन कप पाणी टाकलं होतं. सवय कुठून आली कोण जाणे. भिंतीवरच्या खिळ्याला अजून सत्त्याऐंशीचा तक्ता होता, पिवळटलेला, उजव्या टोकाला ठिपके घेऊन. तो त्यांनी काढला आणि खाटेवर बसले. लावायला यंदाचा नव्हता. भिंतीवर तक्त्याच्या आकाराचा उजळ चौकोन उरला होता, चारी बाजूंनी धुरानं आखल्यासारखा.

चहा उतू जायला लागला तेव्हा ते उठले.